एकाच पीएस५वर घरातल्या सगळ्यांसाठी गेम: कुलूप का लागतं आणि प्रोफाइल कशी लावायची

प्रश्न: घरी एक पीएस५ आहे. सगळे गेम मी माझ्या अकाउंटवरून डिजिटल घेतलेत. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. आतापर्यंत दोघं माझ्याच प्रोफाइलवर खेळायचे. गेल्या आठवड्यात धाकट्याने ताईचा सेव्ह पुसला, घरात रडारड झाली, म्हणून दोघांना वेगळी प्रोफाइल करून दिली. आता त्यांच्या प्रोफाइलवर प्रत्येक गेमवर कुलूप दिसतं. माझ्या प्रोफाइलवर तेच गेम चालतात. गणपतीत पुण्याला भावाकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या पीएस५वर माझं अकाउंट टाकलं होतं, त्याचा काही संबंध आहे का? की आता प्रत्येकासाठी गेम पुन्हा विकत घ्यायचे?

उत्तर: पुन्हा काहीही विकत घेऊ नका. तुमच्या कुलपाची किल्ली बहुधा पुण्यात राहिली आहे, आणि ती घरबसल्या परत आणता येते.

आधी हे कुलूप कशाचं आहे ते बघू. डिजिटल गेम पीएस५वर दोन कारणांनी उघडतो. पहिलं कारण म्हणजे गेम विकत घेणारा माणूस स्वतःच्या प्रोफाइलवर आहे आणि कन्सोलला इंटरनेट आहे. हे जगातल्या कुठल्याही पीएस५वर चालतं, पण फक्त त्याच माणसाच्या प्रोफाइलवर. दुसरं कारण म्हणजे विकत घेणाऱ्याने एका कन्सोलला परवानगी देऊन ठेवली आहे. मग त्या कन्सोलवर घरातला कोणीही, स्वतःच्या प्रोफाइलवरून, इंटरनेट नसतानाही तो गेम लावू शकतो. या दुसऱ्या परवानगीचं पीएस५वरचं नाव `Console Sharing and Offline Play`. पीएस४वर हेच `Activate as Your Primary PS4` होतं, म्हणून दुकानात आणि मित्रमंडळींत सगळे अजून ‘प्रायमरी करणं’ असंच म्हणतात.

ही परवानगी एका अकाउंटला एका वेळी एकाच पीएस५वर देता येते. तुमच्या घरच्या कन्सोलवर ती सुरुवातीपासून होती, कारण पहिल्या पीएस५वर लॉगिन केलं की ती आपोआप चालू होते. तुम्हाला कधी कळलंही नसेल. भावाच्या कन्सोलवर अकाउंट टाकताना किंवा त्यानंतर कोणीतरी तिथं ती चालू केली असणार, म्हणजे घरची बंद झाली. तुम्ही स्वतः घरी खेळत होता तेव्हा पहिल्या कारणाने, म्हणजे इंटरनेटच्या जोरावर, गेम उघडत राहिले आणि फरक जाणवला नाही. मुलांना वेगळी प्रोफाइल दिल्यावर तो उघड झाला.

खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. कन्सोलवर `Settings` → `Network` → `Settings` मध्ये जाऊन `Connect to the Internet` बंद करा. केबल लावली असेल तर ती काढली तरी चालेल. मग तुमच्याच प्रोफाइलवरून असा गेम उघडा ज्याला ऑनलाइन असावं लागत नाही आणि जो तुम्ही पैसे देऊन घेतला आहे. उघडला, तर परवानगी घरच्या कन्सोलवरच आहे आणि भानगड दुसरीकडे आहे. तुमच्यासाठीही कुलूप आलं, तर परवानगी दुसरीकडे गेली आहे. मला कोणी फोनवर ‘मुलांच्या प्रोफाइलवर कुलूप येतं’ असं सांगितलं की मी आधी ही एकच चाचणी करायला लावतो. तिच्यामुळे पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

इंटरनेट परत जोडा आणि तुमच्या प्रोफाइलवरून, मुलांच्या नव्हे, इथं जा:

```
Settings → Users and Accounts → Other
→ Console Sharing and Offline Play → Enable
```

भावाच्या कन्सोलला हातही लावावा लागत नाही. इथं चालू केली की तिथली आपोआप बंद होते. मग त्याच `Other` मध्ये `Restore Licenses` आहे, तेही एकदा चालवा. परवाने सर्व्हरवरून नव्याने कन्सोलवर येतात. त्यानंतर मुलांच्या प्रोफाइलवर जाऊन बघा, कुलपं गेलेली असतील. एखाद्याच गेमवर राहिलं तर कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. रेस्ट मोडमधून उठवणं पुरेसं होत नाही.

एवढं करूनही ठरावीक काही गेमांवरच कुलूप असेल, तर ते गेम कुठून आले ते पाहा. पीएस प्लस या सोनीच्या सशुल्क मेंबरशिपच्या महिन्याच्या गेममधले किंवा कॅटलॉगमधले असतील आणि तुमची मेंबरशिप संपली असेल, तर ते तुमच्यासकट सगळ्यांनाच बंद होतात. सेव्ह मात्र जात नाहीत. मेंबरशिप पुन्हा घेतली की महिन्याचे गेम परत उघडतात, कॅटलॉगमधले मात्र अजून कॅटलॉगमध्ये असतील तरच. आणि एखादा गेम डिस्कवरून टाकलेला असेल तर डिस्क आत असायलाच हवी. तिथं अकाउंटचा काही संबंध नाही, डिस्क ज्याच्या हातात त्याला गेम.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ही परवानगी प्रत्येक अकाउंटची वेगळी असते. उद्या वहिनींनी त्यांच्या अकाउंटवरून सेलमध्ये एखादा गेम घेतला, तर तो सगळ्यांना मिळण्यासाठी त्यांच्या प्रोफाइलवरून हीच सेटिंग चालू असायला हवी. एका कन्सोलवर घरातल्या चौघांच्याही परवानग्या एकाच वेळी असू शकतात, त्याला हरकत नाही. तरी माझा सल्ला विचाराल तर घरातले सगळे गेम एकाच मोठ्या माणसाच्या अकाउंटवरून घ्या. मुलीच्या अकाउंटवर घेतलेला गेम कायमचा तिचाच राहतो. पाच-सहा वर्षांनी ती शिकायला बाहेरगावी गेली, तिथं स्वतःचा कन्सोल घेतला आणि परवानगी तिकडे नेली, की घरी धाकट्याच्या प्रोफाइलवर पुन्हा कुलपं.

आता भावाचं. परवानगी घरी आणल्यावर त्याच्या कन्सोलवर तुमचे गेम त्याच्या प्रोफाइलवर उघडणार नाहीत. तुम्ही तिकडे गेलात आणि तुमच्या प्रोफाइलवर बसलात तर इंटरनेट असेपर्यंत उघडतील, आणि त्याच वेळी घरी मुलं आपापल्या प्रोफाइलवर खेळू शकतील, अगदी तोच गेमसुद्धा. पण तुम्ही नसताना तुमचं अकाउंट तिथं उघडं राहिलं तर भाऊ तुमच्या नावाने खरेदीही करू शकतो, म्हणून पासवर्ड बदला आणि त्याच्या कन्सोलवरून तुमचा युजर काढून टाका. कन्सोल हाताशी नसेल तर प्लेस्टेशनच्या संकेतस्थळावर अकाउंटच्या पानावर सगळी उपकरणं एकदम निष्क्रिय करता येतात. मात्र ती सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते, ती वाया घालवू नका. कन्सोल चोरीला गेला किंवा बंद पडून दुरुस्तीला गेला तर ती लागेल.

गेमचं कुलूप निघालं तरी मुलांच्या लायब्ररीत तुम्ही घेतलेले सगळे गेम आपोआप येत नाहीत. त्यांच्या प्रोफाइलवर `Game Library` मध्ये `Installed` या टॅबखाली कन्सोलवर टाकलेले गेमच दिसतील. `Your Collection` मध्ये फक्त त्यांनी स्वतः घेतलेलं असतं, म्हणजे बहुतेक रिकामं. नवा गेम उतरवायचा तर तो तुमच्या प्रोफाइलवरून उतरवा. डीएलसीचंही, म्हणजे गेमला जोडून वेगळ्या मिळणाऱ्या भागांचंही, तसंच, तुमच्या प्रोफाइलवरून उतरवलं की मुलांना चालतं. गेम कन्सोलच्या स्टोरेजमध्ये एकदाच बसतो, प्रत्येकासाठी वेगळी जागा खात नाही, आणि हे बरंच आहे, कारण सुरुवातीच्या ८२५ जीबीच्या पीएस५वर प्रत्यक्षात ६६७ जीबीच्या आसपासच जागा मिळते. उलट बाजू अशी की धाकट्याने जागा करायला म्हणून गेम डिलीट केला तर तो सगळ्यांचाच जातो. सेव्ह वेगळे असल्याने ते राहतात, पण ८०-१०० जीबी पुन्हा उतरवायला लागतात. त्याला हे एकदा नीट समजावून सांगा.

काही गोष्टी मात्र शेअर होतच नाहीत. गेममधलं चलन, म्हणजे व्ही-बक्स, एफसी पॉइंट्स वगैरे, ज्याने घेतलं त्याच्याच खात्यात जातं. तुम्ही तुमच्या प्रोफाइलवरून मुलासाठी म्हणून घेतलेत तर ते त्याला मिळणार नाही, आणि परत मिळवणंही कठीण. पीएस प्लसचं ऑनलाइन खेळणं, महिन्याचे गेम आणि कॅटलॉग मुलांना मिळतो, त्यासाठी एकच मेंबरशिप पुरते. क्लाउड स्टोरेज मात्र मेंबरशिप ज्याची त्यालाच. याचा परिणाम शेवटी सांगतो, कारण तो महत्त्वाचा आहे.

आता तुमच्या मुलीच्या पुसलेल्या सेव्हकडे येऊ. तुमची पीएस प्लस मेंबरशिप असेल तर क्लाउडवर त्याची जुनी प्रत असण्याची शक्यता आहे, कारण ती तुमच्याच प्रोफाइलवर खेळत होती. `Settings` → `Saved Data and Game/App Settings` → `Saved Data (PS5)` मध्ये क्लाउडची यादी बघा. पण आधी तिथली तारीख नीट वाचा. आपोआप अपलोड चालू असेल आणि धाकट्याने नवा खेळ सुरू करून सेव्ह केला असेल, तर जुनी प्रत त्याखाली गेली असेल. तारीख पुसण्याच्या आधीची असेल तरच ती उतरवा. गेमच्या आत आणखी स्लॉट असतील तर तेही उघडून बघा. पुष्कळ गेम ऑटोसेव्हच्या दोन-तीन प्रती वेगळ्या ठेवतात.

सेव्ह मिळाला तरी तो तिच्या नव्या प्रोफाइलवर हलवता येणार नाही. पीएस५च्या गेमचा सेव्ह एका युजरकडून दुसऱ्याकडे कॉपी होत नाही, यूएसबीवर काढून नेणंही शक्य नाही. ट्रॉफीही तुमच्याच नावावर राहतात. मी अशा वेळी सांगतो की अर्धा झालेला मोठा गेम तिने तुमच्याच प्रोफाइलवर संपवावा आणि पुढचा गेम स्वतःच्या प्रोफाइलवर सुरू करावा. मुलं लहान असतानाच वेगळी प्रोफाइल करा असं मी नव्या कन्सोलबरोबर आग्रहाने सांगतो ते याचसाठी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं जातात, पण सहा महिन्यांनी करायला गेलं तर काहीतरी मागे सोडावंच लागतं.

याला अपवाद म्हणजे ज्या गेमची प्रगती कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर असते. फोर्टनाइटचं सगळं एपिकच्या खात्यावर असतं. मुलगी तुमच्या प्रोफाइलवर ते खेळत असेल तर तिचं एपिक खातं तुमच्या पीएसएन अकाउंटला जोडलेलं असणार. ते एपिकच्या संकेतस्थळावर तुमच्यापासून तोडून तिच्या पीएसएन अकाउंटला जोडा, आणि हे तिने स्वतःच्या प्रोफाइलवरून गेम पहिल्यांदा उघडण्याआधी करा. नाहीतर नवं रिकामं खातं तयार होतं आणि मग जोडाजोडीचा व्याप वाढतो. फोर्टनाइटसारखे फुकट गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रोफाइल करताना लोक एक शॉर्टकट मारतात: मुलांचं जन्मसाल खोटं टाकून मोठ्या माणसाचं अकाउंट उघडतात. ते करू नका, नुकसान तुमचंच आहे. गेम शेअर झाले म्हणजे तुमच्या लायब्ररीतला १८+ चा गेमही धाकट्याच्या प्रोफाइलवर दिसायला लागला. परवानगी वय बघत नाही. वय बघतं ते मुलाचं चाइल्ड अकाउंट, आणि तेच नसेल तर अडवायला कोणी उरत नाही. तुम्ही फॅमिली मॅनेजर व्हा आणि `Settings` → `Family and Parental Controls` → `Family Management` मधून दोघांना तुमच्याखाली घ्या. धाकट्याला लहान वयोगट, मुलीला तिच्या वयाचा गट द्या. एखादा विशिष्ट गेम वयाच्या वर असूनही तिला द्यायचा तर त्या एका गेमपुरती सूट देता येते, सगळी मर्यादा सैल करावी लागत नाही. दिवसाला किती वेळ खेळायचं तेही इथंच लावता येतं, प्रत्येकाचं वेगळं.

मुलांची खरेदी तुमच्या वॉलेटमधून होते, म्हणून त्यांची महिन्याची खर्चमर्यादा शून्यच ठेवा. पण खरी गळती दुसरीकडून होते. मुलं कंटाळली की तुमच्या प्रोफाइलवर जातात, आणि तिथं मर्यादा नसते. म्हणून तुमच्या प्रोफाइलला पासकोड लावा: `Settings` → `Users and Accounts` → `Login Settings` मध्ये चार आकडी कोड ठेवता येतो. स्टोअरमध्ये पैसे देताना पासवर्ड विचारण्याची सेटिंगही चालू करा. आणि `PS5 Console Restrictions` मध्ये जाऊन नवा युजर बनवणं व गेस्ट लॉगिन बंद करा, नाहीतर नऊ वर्षांचा मुलगा नवा युजर काढून सगळ्या मर्यादा ओलांडून जातो. त्या पानाचा सुरुवातीचा कोड `0000` असतो, तो पहिल्यांदा बदला. हा कोड मुलांना यूट्यूबवरून केव्हाच कळलेला असतो.

चाइल्ड अकाउंट लावल्यावर आठवड्याभरात एक तक्रार हमखास येते: गेम उघडतो, पण ऑनलाइन जात नाही. लोकांना वाटतं पीएस प्लस शेअर झालं नाही. बहुतेक वेळा तसं नसतं. चाइल्ड अकाउंटवर `Communication and User-Generated Content` बंद असतं आणि काही गेम ते बंद असेल तर ऑनलाइनच सोडत नाहीत. ओळखायचं कसं? तुमच्या प्रोफाइलवरून तोच गेम ऑनलाइन चालवून बघा. तुम्हाला चालला आणि मुलाला नाही, तर मर्यादाच आड येते आहे. मुलगी तुमच्याकडे परवानगी मागू शकते आणि तुम्ही त्या एका गेमपुरतं मोकळं करू शकता. २०२५मध्ये आलेल्या प्लेस्टेशन फॅमिली ॲपमुळे खेळण्याची वेळ आणि परवानग्या आता फोनवरून बघता येतात, ऑफिसात बसूनही.

राहता राहिला क्लाउडचा मुद्दा. तुमचे सेव्ह क्लाउडवर सुरक्षित आहेत, मुलांचे नाहीत, कारण त्यांची स्वतःची मेंबरशिप नाही. कन्सोल बिघडला किंवा रीसेट करावा लागला तर दोघांची सगळी प्रगती जाईल. त्यांच्यासाठी वेगळी मेंबरशिप घेण्याइतकं कारण मला दिसत नाही. एक यूएसबी ड्राइव्ह घ्या, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कन्सोलला लावा आणि `Settings` → `System` → `System Software` → `Back Up and Restore` मधून पूर्ण कन्सोलचा बॅकअप घ्या. त्यात सगळ्या युजरचे सेव्ह येतात. यादीतून गेम काढून टाका, ते कधीही पुन्हा उतरवता येतात, फक्त सेव्ह आणि सेटिंग ठेवा. मग बॅकअप अगदी छोटा होतो. ट्रॉफी त्यात येत नाहीत, त्या पीएसएनशी सिंक झालेल्या असल्या की पुरे. हा बॅकअप परत टाकताना कन्सोलवरचा आधीचा सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे एका मुलाचा एक सेव्ह परत आणायला तो वापरू नका. महिन्यातून एकदा, किंवा मोठ्या सुट्टीनंतर मुलांनी बरंच खेळलेलं असेल तेव्हा घ्या, आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. कन्सोलला लावून ठेवलात तर कोणीतरी त्यावर जागा दिसते म्हणून गेम टाकायला तो फॉरमॅट करतो.